माडीवाल्याचा वाटा

कलम ४. *भाड्याची रक्कम भाडेकरू दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत घरमालकास रोख देईल.*

आज दोन तारीख.

विश्वेश माडीवरच्या खोलीत खुर्चीवर बसून घरमालकाला सांगायचं वाक्य तयार करत होता. समोर शंभराच्या स्टॅम्पपेपरवरचा भाडेकरार होता. गेल्या जुलैत वेंगुर्ल्याला नोटरीसमोर केलेला, अकरा महिन्यांचा, म्हणजे एकतीस मे दोन हजार नऊपर्यंतचा. भाडं अठराशे, डिपॉझिट दहा हजार, विजेचं बिल वेगळ्या मीटरप्रमाणे. कागदावर सगळं होतं. नोकरी गेल्यावर काय करायचं, एवढंच नव्हतं.

पहिलं वाक्य: काका, एक अडचण आहे.

खोडलं. अडचण म्हटलं की माणूस आधीच दोन पावलं मागे सरकतो.

दुसरं वाक्य: काका, तुम्हाला कळलंच असेल.

त्यांना कुठून कळणार? शिरोड्यात अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. विश्वेश रोज सकाळी साडेसातला मोटारसायकल काढायचा, तेरेखोलला फेरीबोटीत चढवायचा आणि पलीकडे केरीला उतरून गोव्यातल्या एका हॉटेलात स्टोअरकीपरच्या खुर्चीत जाऊन बसायचा. कांदे किती आले, साबण किती गेले, चादरी किती फाटल्या. डिसेंबरात परदेशी पाहुण्यांची विमानं निम्मीसुद्धा आली नाहीत. एकतीस जानेवारीला मॅनेजरने अकरा जणांना एका रांगेत उभं केलं, जानेवारीचा पगार आणि वर पंधरा दिवसांचे पैसे दिले आणि सांगितलं, सीझन सावरला की बोलावू. सीझन कधी सावरतो हे कुणी विचारलं नाही.

तिसरं वाक्य: काका, तीन-चार महिने भाडं निम्मं केलंत तर

इथे वाक्य थांबलं. 'तर'च्या पुढे काय लिहायचं हे त्याला दोन तारखेला सुचलं नाही, तीनला नाही, चारलाही नाही.

"तर उपकार होतील, असं लिही," त्याची बायको नीरजा चहाचा कप ठेवत म्हणाली.

"मला उपकार नकोत. मला सवलत हवी आहे."

"फरक काय?"

त्याने विचार केला. फरक होता. पण तो शब्दांत धरायला गेला की हातातून मासळीसारखा निसटत होता.

नीरजा गावातल्या बालवाडीत शिकवत होती. मानधन अकराशे रुपये. जूनपासून तिला शाळेच्या लहान वर्गावर घेऊ, असं मुख्याध्यापिकाबाईंनी तोंडी सांगितलं होतं. तोंडीच, पण सांगितलं होतं. आता खोली सोडली तर कुडाळला दादाच्या घरी जावं लागणार, आणि कुडाळला गेलं की जून संपला. गोष्ट एवढीच होती. जूनपर्यंत ही खोली टिकली पाहिजे.

---

कलम ९. *दोन महिने भाडे थकल्यास घरमालकास एक महिन्याची सूचना देऊन जागा खाली करून घेता येईल.*

पाच तारखेला संध्याकाळी तो जिना उतरला.

घरमालक तुकाराम तारी घरापुढच्या खळ्यात बसून जाळं सांधत होता. वय पंचावन्न, अंगात बनियन, डाव्या पायाच्या अंगठ्यात जाळ्याचा पदर अडकवलेला. शिरोड्याच्या किनाऱ्यावर जी रापण, म्हणजे माणसांनी दोरांनी ओढायचं मोठं जाळं, लागते, त्या रापणकरांच्या संघातला तो जुना माणूस. त्याची बायको गंगू बाजारात मासळी विकायची. आता ती पायरीवर बसून उरलेल्या पेडव्यांना मीठ लावत होती.

"ये रे, विश्वेशा. बस. रजा काढलंस काय?"

"काका, मला आपल्याशी थोडं बोलायचं होतं."

तुकारामने मान वर केली. एरवी हा मुलगा खळ्यात आला की मालवणीत बोलायचा. आज शुद्ध बोलला म्हणजे काहीतरी बिनसलंय.

"गंगू, पाणी हाड गो. ह्यो हापिसातला बोलता."

"पाणी नको. काका, माझी नोकरी गेली. एकतीस तारखेला. हॉटेलमध्ये माणसं कमी केली, त्यात मी. दुसरीकडे प्रयत्न चालू आहेत. पेडण्याला एका ठिकाणी अर्ज दिलाय. पण तोपर्यंत, म्हणजे मेपर्यंत, भाडं जर थोडं कमी…"

'तर' पुन्हा आलंच नाही.

तुकारामने सुई जाळ्यात खोचून ठेवली. गंगूचे हात मिठात थांबले. कुठलंसं कुत्रं पेडव्यांच्या दिशेने सरकलं. गंगूने त्याच्याकडे न बघता हाड म्हटलं आणि ते बसलं.

"थोडा म्हणजे कितको?"

"अठराशेचे नऊशे. मेपर्यंत."

"आणि रवलेले नऊशे? ते गेले, काय मगे दितलंस?"

हा प्रश्न विश्वेशने स्वतःला विचारला नव्हता. कमी म्हणजे कायमचं माफ, की नंतर भरून द्यायचं? त्याने तीन दिवस वाक्य घडवलं आणि त्या वाक्याचा अर्थच ठरवला नव्हता.

"तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला. लगेच वाटलं, हे चुकलं. "म्हणजे हवं तर डिपॉझिटमधून वळतं करा. दहा हजार आहेत ना तुमच्याकडे."

तुकाराम हसला. मान मागे टाकून त्याने माडीकडे बोट दाखवलं.

"ता बघ तुझा डिपॉझिट. न्हाणयेत फरश्यो घातलंय मा गेल्या वर्षी? तू रोज थंयच उभो रवान आंघोळ करतंस."

गंगूला हसू आलं नाही. "आणि पतपेढयेचो हप्तो? माडी बांधली ती कर्ज काडून. पंधरा तारीख इली की साडेचौदाशे मोजूचे लागतत. रेडीच्या खाणीवरचे दोन सुपरवायझर गेल्या आठवड्यात इचारून गेले, खोली गावात काय म्हणान. अडीच हजार दितत म्हणाले."

"तू गप रव गो जरा."

"मी कित्याक गप? हप्तो काय तुझ्या जाळ्यात येवन पडतलो?"

विश्वेश मान खाली घालून बसला. साडेचौदाशे. म्हणजे अठराशेतले साडेतीनशेच या माणसांना सुटत होते. त्याला वाटत होतं, वरच्या मजल्याचे पैसे म्हणजे वरकड. आणि आपण नऊशे म्हणालो. आता हजार म्हणावं का? बाराशे? आकडा वाढवला तर आधी फसवत होता असं वाटेल, नाही वाढवला तर…

तुकारामने जाळ्याचा पदर अंगठ्यातून सोडवला. मग म्हणाला,

"बरा. ऐक. रापण वडतत तेव्हा कोणाचो पगार आसता? कोणाचोच नाय. गावला तर वाटो, नाय गावला तर नाय. नऊशे-बिवशे आता सांगा नको. आजपास्ना तू वाट्यात."

"म्हणजे?"

"म्हंजे वाट्यात. जा आता, तुझी बायल वाट बघता."

आणि त्याने सुई पुन्हा उचलली.

---

यावर माडीवर झालेलं संभाषण असं:

"हो म्हणाले?"

"वाट्यात म्हणाले."

"म्हणजे हो ना?"

"मला वाटतं, हो."

"किती?"

"ते सांगितलं नाही."

"आणि आजची पाच तारीख?"

"त्याबद्दल विचारायचं राहिलं."

नीरजाने कपाळावर हात मारून घेतला नाही, कारण ती तशी बाई नव्हती. तिने फक्त दिवा लावला आणि म्हणाली, "तू सवलत मागायला गेला होतास की कोडं घेऊन यायला?"

रात्रभर विश्वेश त्या शब्दाभोवती फिरत राहिला. वाट्यात. स्टोअरमध्ये अशी भानगड नसायची. स्लिप आली, माल दिला, सही घेतली. वाटा कशातला? आपल्या कमाईतला काही हिस्सा भाडं म्हणून? पण कमाई शून्य. शून्याचा वाटा शून्य. असं म्हणत असतील तर ते फुकट ठेवून घेतायत, आणि गंगूकाकी तसं होऊ देणार नाही. मग दुसरा अर्थ. रापणीत ज्याला वाटा मिळतो तो काय करतो?

तो दोर ओढतो.

पहाटेकडे हे त्याला इतकं स्वच्छ दिसलं की तो अंथरुणात उठून बसला. तुकारामकाकांनी भाडं कमी केलं नव्हतं, काम दिलं होतं. सरळ बोलले नाहीत, कारण खळ्यात बसून भाडेकरूला 'दोर ओढायला ये' म्हणायला त्यांना संकोच वाटला. बरोबर. असंच असणार.

असंच असणार, असं माणूस म्हणतो तेव्हा ते बहुतेक तसं नसतं.

---

किनारा. सकाळचे सात.

होडी जाळं टाकत अर्धवर्तुळ फिरून आली होती. जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर, प्रत्येकावर पंधरा-वीस माणसं, पाय वाळूत रोवून मागे मागे सरकणारी. शेवटचा माणूस मागे पोचला की दोर सोडून पुढे पाण्याकडे येतो, पुन्हा धरतो, पुन्हा मागे. विश्वेश पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उत्तरेकडच्या दोरावर उभा राहिला. कुणी बोलावलं नाही, कुणी हाकललं नाही. पुढचा एक जण मागे वळून म्हणाला, "तारयाचो माडीवालो काय रे तू?"

"होय."

"मगे वड. नुसतो धरान काय कपडे वाळत घालतंस?"

हशा झाला. विश्वेशने ओढलं. दहा मिनिटांत तळहात पेटले. दुसऱ्या दोरावरून तुकारामने त्याला बघितलं, भुवया वर केल्या आणि पुन्हा ओढू लागला. विश्वेशला वाटलं, मान्यता दिली.

जाळं आलं तेव्हा आत तांबडा कचरा, खेकडे आणि दोन-तीन पाट्या तारली. बायका वाकल्या, आरडाओरडा झाला, जागच्या जागी लिलाव झाला. दोराला हात लावणाऱ्यांना कालवणापुरती मासळी मिळते, तशी विश्वेशच्या पिशवीतही चार तारली पडली. संघाचे खरे वाटे नंतर पडायचे, हिशेब करून. त्यात त्याचं नाव असायचं कारण नव्हतं. पण हे त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही.

चार तारली घेऊन तो घरी आला आणि जिन्यापाशी थबकला. ही कुणाची? आपण वाट्यात, म्हणजे वाटा मालकाचा. त्याने ती गंगूच्या पुढ्यात ठेवली.

"काकी, ह्या आजचा."

गंगूने तारल्यांकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. "माका कित्याक?"

"काकांनी सांगितलंय."

ती तारली उचलून आत गेली. दुपारी तिरफळं घातलेल्या तिखल्याची वाटी वर आली, आत तीच चार तारली.

"हे काय?" नीरजा म्हणाली.

"भाडं," विश्वेश म्हणाला. "बहुतेक परत आलं."

---

असे अकरा दिवस.

अकरा दिवसांत पाच वेळा बांगडा आला, दोनदा नुसतं पाणी आलं, एकदा जाळं फाटलं. अकरा दिवस त्याने पिशवी, रिकामी असली तरी, गंगूपुढे ठेवली आणि अकरा दिवस दुपारी वाटी वर आली. मधे पंधरा तारीख आली. तुकाराम धुतलेला शर्ट घालून पतपेढीत जाऊन आला. भाड्याचं नाव त्याने काढलं नाही, विश्वेशनेही काढलं नाही. तोंडावर नाव काढणं म्हणजे वाटा मोडणं, असं काहीतरी विश्वेशने स्वतःशीच ठरवून टाकलं होतं. नीरजा रोज एकच प्रश्न विचारायची: फेब्रुवारीचं भाडं दिलं गेलं का? आणि तो रोज म्हणायचा, चालू आहे.

ती एकदा चिडली. "भाडं चालू नसतं, विश्वेश. दिलेलं असतं किंवा थकलेलं असतं. कलम नऊ वाचलंस ना?"

"हाताला घट्टे पडलेत, ते बघ आधी."

"हाताला पडलेत. पावतीवर काही पडलंय का?"

पावती. खरंच की. दर महिन्याला तुकाराम वहीच्या कागदावर तारीख टाकून सही करून द्यायचा. या महिन्याचा कागद नव्हता.

अकराव्या दिवशी संध्याकाळी पेडण्याहून निरोप आला, उद्या मुलाखतीला या. बाराव्या दिवशी विश्वेश पहाटे निघाला. किनाऱ्यावर सांगून जावं की तुकारामकाकांना, की कुणालाच नको, हे ठरेपर्यंत उशीर होऊ लागला, म्हणून न सांगताच गेला. मुलाखत घेणाऱ्याने कागद बघितले, जागा जूननंतर निघेल म्हणाला, फोन नंबर लिहून घेतला. परत येताना फेरीबोटीत त्याला एकच गोष्ट सतावत होती. आज दोराला हात लागला नाही. आज वाटा बुडाला.

आणि खळ्यात शिरतो तर दोन अनोळखी माणसं उभी. पायात बूट, बुटांवर लाल माती.

रेडीचे सुपरवायझर.

---

कलम ९, पुन्हा.

विश्वेश माडाच्या आडोशाला थांबला. ऐकू येत होतं, तरी नीट कळत नव्हतं.

"…एक तारखेपासून मिळाली तरी चालेल. डिपॉझिट पंधरा देतो."

गंगूचा आवाज: "रिकामी नाय ती."

"तुम्हीच म्हणाला होता ना, बघू म्हणून?"

"तेव्हा बघूया म्हटलंय. आता बघलंय. वरचो माणूस दुखण्यात आसा. दुखण्यातल्या माणसाक भायर काडूचा काय आमी?"

बूट वाजवत माणसं निघून गेली.

दुखण्यात? विश्वेशने आपल्या छातीवर हात ठेवला. कोण दुखण्यात? तो सरळ खळ्यात आला. तुकाराम पडवीत विडी पेटवत होता.

"काका, मी आज आलो नाही. पेडण्याला गेलो होतो. उद्या येतो. आजचा काही दंड वगैरे असेल तर…"

"खंय येतंस?"

"रापणीवर."

तुकारामने काडी विझवली. "रे, एक इचारू? तू रोज थंय येतंस कित्याक?"

विश्वेशचं तोंड उघडं राहिलं. "तुम्हीच म्हणालात. वाट्यात."

"वाट्यात म्हटलंय. दोर वडूक ये, असा कधी म्हटलंय? आमका वाटला, घरात बसान बसान डोक्यात किडे जातत माणसाच्या, म्हणान येता वेळ काडूक. लोक माका इचारतत, तुझो भाडेकरू पँट घालून वडता, तेका काय नवस बोललो आसा? मी म्हटलंय, वडूक दी."

"मग वाट्यात म्हणजे काय?"

तुकाराम खरोखरच गोंधळला. इतकी साधी गोष्ट सांगायची कशी? विडीचे दोन झुरके गेले.

"ह्या बघ. आमच्या रापणीत एखादो दुखण्यान पडलो, पाय मोडलो, ताप इलो, तर तेचो वाटो बंद करीत नाय. तो घरात निजता आणि तेचो वाटो घरात जाता. बरो झालो की परत दोराक लागता. मगे तो तेवडा दुसऱ्यासाठी वडता. तुझी नोकरी गेली, म्हंजे तू दुखण्यात. बरो होयसर तुझो भाड्याचो भार आमच्या वाट्यार. इतक्याच."

"पण काका, मी आजारी नाही."

"मगे तुझी नोकरी खंय आसा?"

विश्वेशला एकाच वेळी रडावंसं, भांडावंसं आणि तळहात पुढे करून दाखवावेसे वाटले. अकरा दिवस त्याने ज्याची परतफेड केली ते कुणी मागितलंच नव्हतं. आणि जे त्याने मागितलं होतं, साधी सवलत, आकडा असलेली, मुदत असलेली, ती अजूनही कुणी दिली नव्हती. की सगळंच दिलं होतं? म्हणजे भाडं शून्य? मेपर्यंत शून्य? मग हप्ता?

"आणि हप्तो?" हा प्रश्न त्याने नाही, गंगूने विचारला. ती कमरेवर हात ठेवून दारात उभी होती. "वाटो वाटो काय करतंस मघापासून? पतपेढयेचो क्लार्क वाटो घेणा नाय, पैसे घेता. ह्या म्हयन्यात माझे बाजारातले घातलंय. पुढच्या म्हयन्यात खयसून हाडू? तुमी दोघय बसा दुखण्यार बोलत."

"तूच आत्ता तेंका घालवलंस मा? अडीच हजारवाल्यांक?"

"घालवलंय. माणूस काडूचो नाय म्हणान घालवलंय. फुकट ठेवचो, असा कोणी म्हटल्यान?"

जिन्यावरून नीरजा उतरत होती. तिने किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. ती गंगूच्या शेजारी पायरीवर जाऊन बसली.

"काकी, तुमचा हप्ता पंधराला जातो ना?"

"होय गो, बाय."

"आणि माझं मानधन दहा-बारा तारखेला होतं. पाचला माझ्याकडे काहीच नसतं. आम्ही चौदाला हजार रुपये दिले तर? ह्याच्याकडच्या पैशांतून आम्ही जेवू, माझ्यातून भाडं. वरचे साडेचारशे तुम्हाला घालावे लागतील, ते खरं."

गंगूने बोटांवर काहीतरी मोजलं. "चौदाक म्हंजे चौदाक? पंधराक सकाळी नको. तो क्लार्क शाखेत धा वाजता बसता आणि माझो जीव पाचापासून वर-खाली."

"चौदाला संध्याकाळी. ह्या महिन्याचे उद्याच देते, मानधन तसंच ठेवलंय."

"ता चलात. साडेचारशे मी बघीन. बांगडो चालू आसा तवसर तरी."

"आणि मेपर्यंतच. त्याआधी ह्याला नोकरी लागली तर पुढच्या महिन्यापासून पूर्ण अठराशे."

"आणि कमी झालेले आठशे?" विश्वेश मधेच म्हणाला. त्याला हे सुटलेलं सहन होईना. "ते गेले की नंतर द्यायचे?"

दोघी त्याच्याकडे बघू लागल्या. तुकारामने हात झटकला. "फेब्रुवारी-मार्चचे गेले. ते दुखण्यात धर. एप्रिल-मेचे दी मगे, नोकरी गावली की दोनशे-दोनशे करून. आता झाला तुझा?"

"लिहून काढू?"

"लिही बाबा. लिवल्याशिवाय तुका झोप येवची नाय."

---

कागद. साधा, रेघांचा. नोटरी नाही, स्टॅम्प नाही. नीरजा म्हणाली, एवढ्यासाठी वेंगुर्ल्याला जाण्याइतकं पेट्रोल कुणाकडे नाही.

*दिनांक १७ फेब्रुवारी २००९. मूळ भाडेकरार तसाच राहील. फेब्रुवारी ते मे २००९ या चार महिन्यांत भाडे रुपये १०००, दर महिन्याच्या चौदा तारखेपर्यंत. फेब्रुवारीचे उद्या, दिनांक १८ रोजी. पहिल्या दोन महिन्यांची सूट माफ. पुढील दोन महिन्यांची सूट, एकूण रुपये १६००, नोकरी लागल्यावर दरमहा रुपये २०० प्रमाणे. डिपॉझिटला हात लावणार नाही. या रकमेमुळे कलम ९ लागू होणार नाही. मध्येच नोकरी लागल्यास पुढील महिन्यापासून पूर्ण भाडे.*

"कारण लिहायचं राहिलं," विश्वेश म्हणाला.

"लिही मगे," तुकाराम म्हणाला. "दुखणा."

"मंदीमुळे नोकरी गेल्याने, असं लिहितो."

"ता माका वाचूक जमाचा नाय आणि पटाचाही नाय. मंदी कोण आमच्या शिरोड्याची? दुखणा लिही, मी सही करतंय."

विश्वेशने पेन उचललं, ठेवलं. स्टोअरमध्ये त्याने आयुष्यात एकही खोटी नोंद केली नव्हती. कांदे नासले तर नासले लिहिलं, गेले तर गेले. आता स्वतःच्याच कागदावर…पण खोटं आहे का हे? गेल्या सतरा दिवसांत तो नीट जेवला नव्हता, झोपला नव्हता, न सांगितलेलं काम सांगितलं म्हणून करत होता. मॅनेजरने रांगेत उभं केल्यापासून कुठल्यातरी एका ठिकाणी दुखत होतं, आणि ते ठिकाण त्याला सापडत नव्हतं.

त्याने लिहिलं: *कारण, भाडेकरूचे आजारपण.*

तुकारामने वळणदार सही केली. गंगूने साक्षीदार म्हणून अंगठा उठवला आणि बोट लुगड्याला पुसलं. नीरजाची सही. कागदाच्या दोन प्रती. तुकारामने आपली प्रत घडी करून परत विश्वेशच्याच हातात दिली. "तुझ्याकडेच ठेव दोनय. माझ्याकडे उंदीर आसत."

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्वेश रापणीवर गेला नाही. जावं की जाऊ नये, यावर त्याचा आणि नीरजाचा वाद झाला आणि वाद संपेपर्यंत दोर वर आला होता. नीरजा हजार रुपये गंगूच्या हातात देऊन, पावती घेऊन बालवाडीत गेली. तो खिडकीशी बसला. किनाऱ्यावरून गलका येत होता. कुणाच्यातरी वाट्याला आज बरंच काही आलं असावं.

नऊच्या सुमारास जिन्यावर पावलं वाजली. गंगू. हातात झाकलेलं भांडं.

"कसा वाटता आता?" तिने विचारलं. अगदी खरं, काळजीचं.

"काकी, मी बरा आहे."

"ता सगळेच सांगतत." तिने भांडं स्टुलावर ठेवलं, झाकण काढलं. मऊ शिजवलेली उकड्या तांदळाची पेज, वर चमचाभर तूप, बाजूला खारातल्या आंब्याची फोड. आजाऱ्याला देतात तशी. "गरम आसा तवसर खा. आणि चार दिवस वाऱ्यार बसा नको."

ती गेली. विश्वेशने उठून खिडकी लावून घेतली. मग त्याला कळेना, आपण ती का लावली. त्याने पुन्हा उघडली. पेज निवत चालली होती.

तो खाली बसला आणि जेवू लागला.